साहेबांसाठी ईदचा तोहफा : काय न्यावे, कसे न्यावे

ईदच्या दिवशी शेजारीपाजारी, नातेवाईक, मुलांचे मित्र यांच्याकडे शीरखुर्म्याची वाटी पाठवताना आपण दोनदा विचार करत नाही. प्रश्न पडतो तो नोकरी करणाऱ्या मुलामुलींना, आणि तोही ऑफिसातल्या साहेबांपाशी येऊन. काही नेले नाही तर माणुसकी कमी वाटते. नेले तर चार लोक काय म्हणतील? त्यातून साहेब कडक शिस्तीचे असतील तर ते स्वतःच काय म्हणतील, ही धास्ती वेगळी.

माझी भाची पुण्याजवळच्या एका कारखान्यात हिशोब विभागात आहे. 2025 साली तिच्यापुढे हा पेच अगदी टोकाला जाऊन उभा राहिला. त्या वर्षी पाडवा रविवारी 30 मार्चला आणि ईद दुसऱ्याच दिवशी, 31 मार्चला आली. हिशोब विभागाला 31 मार्च म्हणजे काय, ते सांगायला नको. सरकारी व्यवहार करणाऱ्या बँकाही त्या दिवशी उघड्या ठेवायला सांगितल्या होत्या. तरी साहेबांनी तिला रजा दिली. रविवारी रात्रीपर्यंत काम संपवायची अट घातली, पण दिली. आणि त्याच साहेबांच्या टेबलावर तिच्या नोकरीत कायम होण्याचा कागद सहीसाठी पडून होता. हे तेच साहेब, जे माल पुरवणाऱ्यांकडून दिवाळीला आलेले मिठाईचे खोके गेटवरूनच परत पाठवतात.

तिचा फोन आला, "खाला, साहेबांसाठी चांगला पेनसेट बघितलाय, पंधराशेचा. रजा दिली म्हणून. चालेल ना?"

मी नको म्हटले. पंधराशे रुपये जास्त म्हणून नव्हे, तर तीच वस्तू आणखी तीन कारणांनी अडचणीची होती म्हणून. ती एकट्या साहेबांसाठी होती. ती टेबलावर वर्षानुवर्षे राहणारी होती. आणि देणारीचा कागद घेणाऱ्याच्या हातात होता. या तीन गोष्टी एकत्र आल्या की शंभर रुपयांची वस्तूही संशयाला पुरते. त्यात 'रजा दिली म्हणून' हे शब्द आले म्हणजे देवाणघेवाण आपण स्वतःच्या तोंडाने कबूल केली.

हदीसमध्ये एक प्रसंग आहे. जकात गोळा करायला पाठवलेला एक माणूस परत आला आणि सांगू लागला की एवढे तुमचे, आणि एवढे मला हदिया म्हणून मिळाले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विचारले, हा आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर हे तोहफे त्याच्याकडे आले असते का? प्रेषित स्वतः हदिया स्वीकारत आणि परतही देत, हेही हदीसमध्येच आहे. म्हणजे आक्षेप तोहफ्याला नाही, तो खुर्चीकडे बघून आला त्याला आहे. घेणाऱ्याला विचारलेला हा प्रश्न देणाऱ्यानेही स्वतःला विचारावा : हे साहेब उद्या दुसऱ्या विभागात गेले तर मी त्यांना पेनसेट देईन का? भाची फोनवर थोडा वेळ गप्प राहिली आणि हसली.

शीरखुर्मा मात्र या प्रश्नातून सहज पार पडतो, कारण तो आपण सगळ्यांनाच देतो. म्हणून ठरले असे की साहेबांसाठी वेगळे काहीच न्यायचे नाही. विभागात साहेब धरून बारा माणसे, त्यात चहा आणणारे मामाही आले. बाराही जणांना सारखेच.

दोन लिटर दूध थोडे आटवले की सुकामेवा धरून बारा छोटे कप आरामात भरतात. ईदच्या रात्री दूध, साखर, खारीक, चारोळी, बदाम एवढेच उकळून, पूर्ण गार करून फ्रिजमध्ये ठेवले. तुपात परतलेल्या शेवया वेगळ्या डब्यात घेतल्या, कारण रात्रभर दुधात राहिल्या तर सकाळी खीर राहत नाही, लगदा होतो. शेवया बारीक असतील तर वाढण्याआधी अर्धा तास गार दुधात घातल्या तरी मऊ होतात. वेळ अकराच्या चहाची ठेवली. मार्चअखेरच्या उन्हात दूध दुपारच्या डब्यापर्यंत ठेवण्यात धोका आहे. आणि शेजारी एका ताटलीत नुसते खजूर ठेवायला सांगितले. ऑफिसात कुणाला साखरेचा त्रास असतो, कुणाचा उपास असतो.

आता देण्याची रीत. साहेबांच्या केबिनमध्ये डबा घेऊन जायचे नाही, दार लोटून तर नाहीच. डबा सगळ्यांच्या मधल्या टेबलावर उघडायचा आणि साहेबांना तिथे बोलवायचे : "सर, काल ईद झाली, सगळ्यांसाठी शीरखुर्मा आणलाय, तुम्हीही या." रजेचा उल्लेख नाही, कागदाचा तर नाहीच. त्यात काय काय घातले आहे तेही आपणहून सांगावे, म्हणजे शाकाहारी माणसाला विचारायचा संकोच राहत नाही. रजेबद्दलचे आभार वेगळ्या वेळी, कामाच्या बोलण्यात, एका वाक्यात मानले की पुरे.

ज्यांचे साहेब सरकारी आहेत त्यांनी आणखी जपावे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या 1964 च्या वर्तणूक नियमांत प्रासंगिक जेवण किंवा साधे आदरातिथ्य भेट धरले जात नाही. सण-समारंभाला भेट घेण्याची जी मोकळीक आहे ती जवळचे नातेवाईक आणि ज्यांच्याशी कामाचा संबंध नाही अशा मित्रांकडून. हाताखालच्या माणसाचा तर संबंधच कामाचा असतो. शिवाय 2018 च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वाटीभर खिरीसाठी कुणी तुरुंगात जात नाही, पण अडकलेली फाइल आणि पाकीट एकाच आठवड्यात साहेबांच्या घरी पोहोचले तर खुलासा आपल्याला द्यावा लागतो. खासगी कंपन्यांत बहुधा आपापली नियमावली असते. मनुष्यबळ विभागाला आधीच विचारून घ्यावे. विचारल्याने कमीपणा येत नाही.

'मुलांसाठी घ्या हो' म्हणून घरी खोका पोहोचवणारे मला शाळेत पालकांमध्येही भेटतात, नेमके निकालाच्या आधी. वस्तू मुलाच्या नावाने दिली म्हणून तिचा अर्थ बदलत नाही, उलट नकार देणाऱ्याची पंचाईत तेवढी वाढते. बकरी ईदचे म्हणाल तर गोश्ताचा हिस्सा ऑफिसात नेऊच नये. कोण काय खाते ते आपल्याला ठाऊक नसते, आणि साहेबांना सगळ्यांसमोर नाही म्हणायला लावणे ही कसली मेहमाननवाजी?

साहेबांनी नाही म्हटलेच तर? "काही हरकत नाही, सर," म्हणून पुढचा कप दुसऱ्याला द्यावा. आग्रह घरी शोभतो. ज्याच्या हातात आपला कागद आहे त्याला आग्रह करणे म्हणजे त्याचा नकार मोडायला निघणे, आणि कडक माणूस नेमका तिथेच बिथरतो.

भाचीच्या साहेबांनी मंगळवारी अकरा वाजता टेबलापाशी येऊन डब्यात डोकावले. शेवया दिसल्या तेव्हा म्हणाले, आज माझा उपास आहे. मग ताटलीतले दोन खजूर उचलले, उभ्या उभ्याच खाल्ले, बी कागदात गुंडाळली आणि विचारले, "मार्चच्या नोंदी कुठवर आल्या?"

कायम झाल्याचे पत्र तिला मे महिन्यात मिळाले, तिच्याबरोबर लागलेल्या बाकी दोघांना मिळाले त्याच दिवशी. त्या दिवशी तिने काही नेले नाही.