डोळ्यांखालच्या काळेपणाला कोणता रंग?

डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकायला त्वचेपेक्षा उजळ कन्सीलर लावला की अनेकदा तिथे राखाडी, आजारी छटा दिसते. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत हे जास्त होतं. त्वचेच्या खोल थरातलं रंगद्रव्य वरून पाहताना निळसर-करडं भासतं आणि त्यावर फिकट रंग चढवला की राखेसारखी छटा येते. म्हणून आधी तो निळसरपणा मारावा लागतो. रंगचक्रात निळ्यासमोर नारिंगी आणि लालसमोर हिरवा असतो. समोरासमोरचे रंग एकमेकांना फिके पाडतात. करेक्टरचं काम एवढंच.

पीच म्हणजे नारिंगीचीच फिकट छटा. गोऱ्या ते मध्यम गव्हाळ त्वचेला ती पुरते. गडद गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर मात्र पीच स्वतःच पांढुरकं दिसतं, तिथे नारिंगी घ्यावा. रंग खूपच गडद असेल तर लालसर नारिंगी.

हिरव्याबाबत सावध राहायला हवं. मुरूम गेल्यावर आपल्या त्वचेवर उरणारे डाग बहुधा तपकिरी असतात, लाल नव्हे. त्यांवर हिरवा लावला तर ते मळकट दिसतात. ओळखायची सोपी खूण आहे: डागावर पारदर्शक काचेचा तुकडा हलकेच दाबा. दाबताना रंग फिका पडला तर ती लाली रक्ताची, तिथे हिरवा उपयोगी. रंग तसाच राहिला तर डाग रंगद्रव्याचा, तिथे पीच किंवा नारिंगी.

समजा, त्वचा मध्यम गव्हाळ आहे, डोळ्यांखाली निळसर काळेपणा आहे आणि नाकाशेजारी ताजा लाल मुरूम आहे. मॉइश्चरायझर मुरल्यावर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, जिथे काळेपणा सर्वांत गडद तिथेच, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा पीच करेक्टर ठेवा. अनामिकेने थोपटा, घासू नका. मुरुमावर हिरव्याचा फक्त एक ठिपका द्या आणि त्याच्या कडा विरघळवा. मिनिटभर थांबा. मग त्वचेच्याच रंगाचा कन्सीलर पातळ थरात थोपटून बसवा.

आता खिडकीजवळ आरसा धरा. नारिंगी डोकावत असेल तर करेक्टर जास्त झाला किंवा छटा गरजेपेक्षा गडद आहे. करडेपणा उरला असेल तर छटा फिकी पडली. वर आणखी कन्सीलर थापून दोन्ही दोष जात नाहीत, उलट बारीक सुरकुत्यांत तो साचतो.

उजेड समोरून पडताच काळेपणा नाहीसा होत असेल तर ती डोळ्यांखालच्या खळग्याची सावली असते. ती कोणत्याही करेक्टरने जात नाही.

एकच करेक्टर घ्यायचा असेल तर गव्हाळ त्वचेने पीच घ्यावा, सावळ्या त्वचेने नारिंगी. लाली रोजची असेल तरच हिरव्यावर पैसे खर्च करा.