दोन पाळ्यांमधल्या तीन तासांचा हिशेब

कॅलिफोर्नियातल्या रेस्टॉरंटात दुपारी 11 ते 3 आणि मग संध्याकाळी 6 ते 10 अशी ड्यूटी सर्रास लागते. यालाच स्प्लिट शिफ्ट म्हणतात. मधल्या तीन तासांचा पगार मिळत नाही, पण तेवढ्या वेळात दुसरी नोकरीही धरता येत नाही. म्हणून मालकाच्या सोयीसाठी दिवसाचे असे तुकडे पाडले आणि मधली सुट्टी तासाभराहून जास्त असली, तर किमान वेतनाच्या दराने एक जादा तास द्यावा, असा तिथला नियम आहे.

हा तास सगळ्यांना पुरता मिळत नाही. 2025 मध्ये राज्याचं किमान वेतन तासाला 16.50 डॉलर होतं. कामाचे 8 तास आणि हा एक मिळून 9 तासांचे 148.50 डॉलर होतात. किमान वेतनावरच्या माणसाचे 132 होतात, म्हणून त्याला पूर्ण 16.50 जादा मिळतात. तासाला 18 घेणाऱ्याचे 144 होतात, त्याला फक्त 4.50. आणि 19 घेणाऱ्याचे 152 भरतात, त्याला काहीच नाही. मधले तीन तास तिघांचेही सारखेच वाया जातात, म्हणून मला हा नियम अपुरा वाटतो. टिप मात्र या हिशेबात मालकाला धरता येत नाही.

ओव्हरटाइम वेगळा. दिवसात 8 तासांपुढे दीडपट, 12 तासांपुढे दुप्पट. रोज 8 तासच भरले, तरी आठवड्याचे 40 उलटले की दीडपट लागू होतो. 18 डॉलरवाल्याने सहा दिवसांत 48 तास केले, तर 40 तासांचे 720 आणि उरलेल्या 8 तासांचे 27 च्या दराने 216, असे 936 डॉलर झाले पाहिजेत. हातात 864 आले, तर ओव्हरटाइम साध्या दराने लावला आहे.

खरा घोळ होतो फिरत्या सुट्टीत. एकाच आठवड्यात सातही दिवस काम केलं, तर सातव्या दिवशी पहिल्या तासापासून दीडपट मिळते. पण समजा मालकाचा आठवडा रविवारी सुरू होतो. या आठवड्यात रविवारी सुट्टी, पुढच्यात शनिवारी. म्हणजे सोमवारपासून पुढच्या शुक्रवारपर्यंत सलग 12 दिवस काम. तरीही ‘सातवा दिवस’ एकही नाही, कारण दोन्ही आठवड्यांत एकेक सुट्टी आहे. सात दिवस मालकाच्या ठरलेल्या आठवड्यातच मोजायचे, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केलं. मात्र ओव्हरटाइम चुकवण्यासाठी मालकाला आठवड्याची सुरुवात पुढेमागे करता येत नाही.

तिथे नोकरी करणाऱ्या आपल्या माणसांनी आठवडा कोणत्या वारी सुरू होतो हे आधी विचारावं, आणि रोजच्या येण्याजाण्याच्या वेळा स्वतः लिहून ठेवून पगाराच्या स्लिपशी ताडून पाहाव्यात. बुडालेल्या ओव्हरटाइमसाठी लेबर कमिशनरकडे 3 वर्षांच्या आत दावा करता येतो.