विश्लेषण : आरोग्य विमा योजनाच बंद झाली, तर पॉलिसीधारकाने काय करावे?

‘आपण घेतलेली आरोग्य विमा योजना कंपनी मागे घेत आहे. पुढील नूतनीकरण आमच्या नव्या योजनेत करावे,’ असे पत्र किंवा ईमेल आला की दोन प्रतिक्रिया उमटतात. काही जण घाबरून सांगितलेला हप्ता लगेच भरतात, तर काही जण जाहिरात समजून पत्र बाजूला ठेवतात. दोन्ही महागात पडू शकते. कारण अशा वेळी प्रश्न योजनेच्या नावाचा नसतो. इतकी वर्षे हप्ते भरून मिळवलेले हक्क नव्या पॉलिसीत येतात की नाही, हा खरा प्रश्न असतो.

योजना बंद म्हणजे विमाही बंद?

नाही. कंपनी योजना मागे घेते, तेव्हा ती नव्या ग्राहकांना विकणे थांबवते. ज्यांची पॉलिसी सुरू आहे, त्यांना मुदत संपेपर्यंत ठरलेले संरक्षण मिळत राहते आणि त्या काळातील दावे जुन्याच अटींवर निकाली निघतात. अडचण येते ती नूतनीकरणाच्या दिवशी. योजना मागे घेतल्याच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत नूतनीकरण येत असेल, तर जुन्याच योजनेत एकदा नूतनीकरणाची संधी मिळते. त्यानंतर मात्र दुसऱ्या योजनेत जावे लागते. कंपन्या योजना मागे घेतात, त्याची कारणे बहुधा तीन असतात. जुन्या योजनेत दाव्यांचा भार वाढलेला असतो, दोन कंपन्यांच्या विलीनीकरणानंतर सारख्या योजना एकत्र केल्या जातात किंवा नियम बदलल्याने जुना आराखडा ठेवता येत नाही.

कंपनीने काय आणि कधी कळवायला हवे?

पॉलिसीच्या छापील अटींमध्ये ‘योजना मागे घेणे’ या आशयाचे एक कलम असते. त्यानुसार कंपनीने पॉलिसीची मुदत संपण्याच्या किमान ९० दिवस आधी विमाधारकाला कळवायचे असते. आपल्याकडील त्याच प्रकारच्या योजनेत जाण्याचा पर्यायही द्यायचा असतो. पॉलिसीत खंड पडलेला नसेल, तर प्रतीक्षा कालावधीची सूट आणि जमलेला बोनस यांसारखे लाभ कायम ठेवून हे स्थलांतर व्हायला हवे.

म्हणून पत्रात तीन गोष्टी शोधाव्यात : योजना मागे घेण्याचे कारण व तारीख, उपलब्ध पर्याय आणि जुने लाभ पुढे येतील याचा स्पष्ट उल्लेख. तिसरी गोष्ट नसेल, तर पैसे भरण्याआधी ती ईमेलवर लेखी मागावी. एजंटाने फोनवर दिलेली हमी दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

जुन्या पॉलिसीतले नव्या पॉलिसीत काय येते?

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे काढून झालेला प्रतीक्षा कालावधी. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या पॉलिसी घेण्याआधीपासूनच्या आजारांसाठी कंपन्या ठरावीक काळ दावा देत नाहीत. १ एप्रिल २०२४ पासून या प्रतीक्षेची कमाल मर्यादा ४८ महिन्यांवरून ३६ महिने करण्यात आली आहे. समजा, एका गृहस्थांनी पाच लाखांची पॉलिसी दोन वर्षे विनाखंड चालवली आणि त्यांना आधीपासून मधुमेह आहे. नव्या योजनेत प्रतीक्षा ३६ महिन्यांची असेल, तर त्यांचे २४ महिने वजा होऊन उरलेले १२ महिनेच थांबावे लागते. हीच पॉलिसी ‘नवीन ग्राहक’ म्हणून घेतली, तर पुन्हा ३६ महिने मोजावे लागतात. शिवाय नव्या पॉलिसीतील सुरुवातीची ३० दिवसांची प्रतीक्षाही पदरी पडते.

यात एक मर्यादा आहे. स्थलांतर करताना त्यांनी विमा रक्कम पाच लाखांवरून दहा लाख केली, तर जुनी सूट मूळ पाच लाखांना (आणि जमलेल्या बोनसला) लागू होते. वाढवलेल्या रकमेसाठी प्रतीक्षा नव्याने सुरू होते.

दुसरी गोष्ट ६० महिन्यांची. सलग ६० महिने पॉलिसी चालवल्यानंतर ‘आजाराची माहिती लपवली’ या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक हा त्याला अपवाद आहे. सातत्य तुटले, तर हे संरक्षणही पुन्हा शून्यापासून मोजले जाते.

कंपनीने सुचवलेली योजना तशीच स्वीकारावी का?

हप्ता आणि विमा रक्कम सारखी दिसली, तरी दाव्याच्या वेळी फरक पडतो तो खोलीभाड्याची मर्यादा आणि को-पे या दोन अटींमुळे. को-पे म्हणजे प्रत्येक दाव्यात ग्राहकाने स्वतः भरायचा ठरावीक टक्का.

जुन्या योजनेत खोलीभाड्यावर मर्यादा नव्हती आणि नव्या योजनेत ती विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे पाच लाखांवर दिवसाला ५ हजार रुपये आहे, असे समजू. रुग्ण दिवसाला ८ हजार रुपयांच्या खोलीत चार दिवस राहिला. बिल अडीच लाखांचे झाले : खोलीचे ३२ हजार, डॉक्टर, शस्त्रक्रियागृह आणि शुश्रूषेचे १ लाख २० हजार, तर औषधे, तपासण्या व शरीरात बसवलेल्या उपकरणाचे ९८ हजार. जुन्या योजनेत हे सगळे बिल विम्यात बसले असते.

नव्या योजनेत खोलीचे २० हजारच मिळतात. कात्री एवढ्यावर थांबत नाही. ग्राहकाला पाच हजारांचा हक्क असताना त्याने आठ हजारांची खोली घेतली, म्हणून डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृहाच्या खर्चालाही तेच प्रमाण, म्हणजे ६२.५ टक्के, लागते. १ लाख २० हजारांपैकी ७५ हजार मंजूर होतात. औषधे, तपासण्या आणि उपकरणांना हे प्रमाण लावता येत नाही, त्यामुळे ९८ हजार पूर्ण मिळतात. एकूण मंजुरी १ लाख ९३ हजारांची, खिशातून ५७ हजार. नव्या योजनेत २० टक्के को-पेही असेल, तर मंजूर रक्कम १ लाख ५४ हजार ४०० वर येते आणि घरचा भार ९५ हजार ६०० रुपयांचा होतो. वर्षाचा हप्ता दोन-तीन हजारांनी कमी असण्याचा आनंद एका दाव्यात संपतो.

म्हणून जुन्या आणि नव्या योजनेचे ‘ग्राहक माहिती पत्रक’ शेजारी ठेवून खोलीभाडे, को-पे, मोतीबिंदूसारख्या शस्त्रक्रियांवरील उपमर्यादा आणि प्रतीक्षा कालावधी या चार ओळी ताडून पाहाव्यात. सुचवलेली योजना पटली नाही, तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या योजनेत स्थलांतर मागता येते. हा निर्णय आधीच नीट घ्यावा लागतो. नवी पॉलिसी परत करण्यासाठी मिळणारी ३० दिवसांची मुभा बहुतेक पॉलिसींच्या अटींनुसार स्थलांतर किंवा नूतनीकरणाला लागू नसते.

दुसऱ्या कंपनीकडे जाता येते का?

येते. यालाच पोर्टेबिलिटी म्हणतात आणि त्यातही काढलेल्या प्रतीक्षेचे श्रेय मिळते. पण येथे नवी कंपनी वय, आजार आणि आधीचे दावे पाहून अर्ज नाकारू शकते. म्हणून वेळापत्रक महत्त्वाचे. पॉलिसींच्या प्रचलित अटींनुसार पोर्टिंगचा अर्ज नूतनीकरणाच्या ६० ते ४५ दिवस आधी, तर त्याच कंपनीत स्थलांतराचा अर्ज किमान ३० दिवस आधी करायचा असतो. नूतनीकरण १५ जूनला असेल, तर कंपनीचे पत्र १७ मार्चपर्यंत यायला हवे. पोर्टिंगचा अर्ज १६ एप्रिल ते १ मे या काळात आणि स्थलांतराचा १६ मेपर्यंत. नव्या नियमांनुसार जुन्या कंपनीने ७२ तासांत माहिती द्यायची आणि नव्या कंपनीने त्यानंतर पाच दिवसांत निर्णय कळवायचा असतो. त्यामुळे १ मेपर्यंत अर्ज केल्यास नकार आला, तरी स्थलांतराचा मार्ग खुला राहतो. नव्या कंपनीचा लेखी होकार येईपर्यंत जुन्या कंपनीकडील पर्याय सोडू नये.

ज्येष्ठांसाठी वेगळे काही आहे का?

साठीनंतर नवी पॉलिसी मिळणे अवघड असते, त्यामुळे योजना बंद होण्याचा सर्वाधिक धक्का याच वयाला बसतो. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने (इर्डा) जानेवारी २०२५ मध्ये आदेश काढून ज्येष्ठांसाठीची वैयक्तिक योजना मागे घेण्याआधी आपल्याशी सल्लामसलत करणे कंपन्यांना बंधनकारक केले. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तरीही हेच बंधन आहे. बँकेच्या खातेदारांसाठीची गट योजना बंद झाली, तर सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक योजनेत स्थलांतर मागता येते. मात्र तेथे कंपनी आरोग्याची छाननी करू शकते.

उत्तरच दिले नाही, तर?

जुनी पॉलिसी नूतनीकरणाच्या तारखेला संपते. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीला ३० दिवसांचा सवलतीचा काळ मिळतो. तो सातत्य वाचवतो, पण त्या दिवसांत रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर साधारणपणे खर्च मिळत नाही. तोही उलटला, तर नव्याने पॉलिसी घ्यावी लागते.

याच भीतीचा फायदा घेऊन ‘तुमची योजना बंद झाली, आजच पैसे भरा’ असे फोन येतात. अशा वेळी लिंकवर पैसे न भरता पॉलिसीवर छापलेल्या ग्राहक क्रमांकावर चौकशी करावी. एजंट खरा असला, तरी त्याने दिलेला अर्ज ‘नवीन पॉलिसी’चा आहे की ‘स्थलांतरा’चा, हे पाहावे. नवी पॉलिसी हातात आल्यावर पहिल्या पानावर ‘प्रथम विमा घेतल्याची तारीख’ आणि मागील पॉलिसीचा क्रमांक तपासावा. तेथे यंदाचीच तारीख असेल, तर मागची सगळी वर्षे पुसली गेली आहेत असे समजून लगेच लेखी दुरुस्ती मागावी.

तक्रार कोठे करायची?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. तेथे समाधान झाले नाही, तर इर्डाच्या bimabharosa.irdai.gov.in या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. या प्रक्रियेला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. सोबत जोडायला कंपनीचे मूळ पत्र, आतापर्यंतच्या सर्व वर्षांच्या पॉलिसींची पहिली पाने आणि हप्त्याच्या पावत्या लागतात. योजना बंद झाल्याचे पत्र आल्याच्या दिवशीच ही कागदपत्रे एकत्र काढून ठेवणे सोयीचे.