योगासने की वजने? एका गुडघ्याची हकीकत

पन्नाशी ओलांडलेल्या चार बायका एकत्र जमल्या, की पूर्वी सुनांचा विषय निघत असे. हल्ली गुडघ्यांचा निघतो. आणि गुडघ्यांचा विषय निघाला, की हटकून दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आसने करा. दुसरा म्हणतो, वजने उचला. मी पडले मराठीची अध्यापिका, तेव्हा दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि गप्प बसावे, हेच मला शोभले असते. परंतु आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या उजव्या गुडघ्याने हा वाद माझ्या डोळ्यांदेखत निकालात काढला. ती हकीकत सांगण्याजोगी आहे.

जाऊबाईंचे वय ५४. सकाळी अंथरुणातून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटे गुडघा आखडलेला असे. चार पावले चालल्यावर तो मोकळा होई. तीन वर्षे त्या नेमाने योगाच्या वर्गाला जात होत्या. अंग चांगले लवचिक झालेले, वाकून बोटे पायाच्या अंगठ्यांना टेकत. पण पूजेच्या पाटावरून उठायचे म्हटले, की हात भिंतीकडे जाई. वज्रासनात बसले की गुडघ्याच्या आत कळ येई, आणि 'सवयीने जाईल' म्हणून त्या ती सोसत.

डॉक्टरांनी गुडघा पाहिला. सूज नाही, ऊन लागत नाही, फोटोत किंचित झीज. त्यांनी विचारलेला एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटला: सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो? तो अर्ध्या तासाच्या आत जात असेल, तर बहुधा झिजेचा असतो. तासभर रेंगाळत असेल आणि हाताच्या बोटांचे सांधेही सुजत असतील, तर मामला संधिवाताचा असू शकतो. तिथे आधी रक्ताची तपासणी, मग व्यायाम. जाऊबाईंना त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवले.

त्या बाई वयाने लहान, पण बोलायला स्पष्ट. म्हणाल्या, "काकू, तुमचा सांधा आसनांनी मोकळा झालाय. पण तुम्हाला पाटावरून उचलतो तो मांडीचा पुढचा स्नायू आणि कुल्ल्याचे स्नायू. ते अशक्त आहेत, म्हणून सगळा भार गुडघ्यावर येतो."

तीन वर्षे आसने करून स्नायू अशक्त कसे, हा माझा प्रश्न. उत्तर साधे आहे. स्नायू वाढतो तो भार वाढत गेला तर. वीरभद्रासनात मांडी थरथरते हे खरे, पण भार रोज तेवढाच, आपल्या शरीराचा. काही महिन्यांत स्नायूला त्याची सवय होते आणि प्रगती थांबते. शिवाय पाळी गेल्यानंतर स्नायू आणि हाडे दोन्ही अधिक वेगाने उतरू लागतात. त्या उतारावर नुसते टिकून राहायलाही काही जोर लावावा लागतो. वय झाल्यावर स्नायू वाढत नाहीत, ही मात्र समजूतच. बोस्टनमधल्या वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वर्षांच्या माणसांकडून आठ आठवडे मांडीचा वजनी व्यायाम करून घेतला गेला. १९९० साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, तेव्हा शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांची ताकद सरासरीने पावणेतीनपट झालेली होती. चोपन्नच्या जाऊबाई त्यांच्यापुढे कुमारिकाच!

व्यायाम कोणता? खुर्चीवरून उठणे आणि बसणे. जाऊबाईंचा अपेक्षाभंग झाला. "हे तर मी दिवसभर करते," असे त्या म्हणाल्याही. पण दिवसभर आपण हातांनी रेटा देऊन उठतो आणि शेवटची वीतभर धपकन् बसतो, हे त्या बाईंनी करून दाखवल्यावर आम्ही दोघी हसलो.

खुर्ची जेवणाच्या टेबलाची, बिनहातांची, पाठ भिंतीला टेकवलेली. आरंभी तिच्यावर एक कडक उशी, म्हणजे बैठक उंच होते आणि गुडघ्याला कमी वाकावे लागते. पावले कुल्ल्यांइतकी अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीशी. मग नाक पायाच्या बोटांवर येईल इतके पुढे झुकायचे आणि श्वास सोडत उठायचे. श्वास कोंडला तर रक्तदाब वाढतो. बसताना मनात चार आकडे मोजत सावकाश बसायचे, कारण खरी कमाई या उतरण्यात आहे. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने राहिला पाहिजे. तो आत पडू लागला, की थकवा आला असे समजावे आणि थांबावे. आखाड्यातल्या बैठकीची ही सौम्य धाकटी बहीण; तिथल्यासारख्या टाचा उचलून, वेगाने, अगदी तळापर्यंत जाणे आखडलेल्या गुडघ्याला मानवत नाही.

आठ वेळा करायचे, दोन मिनिटे विश्रांती, असे तीनदा. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवसांची सुट्टी. शेवटी 'आणखी दोनदा जमेल, तिसऱ्यांदा नाही' असे वाटले, तर भार बरोबर. सहज दहा-पंधरा जमतील असे वाटले, तर तो व्यायाम नव्हे, करमणूक.

तिसऱ्या आठवड्यात उशी गेली. पाचव्यात बारा वेळा सहज जमू लागले, तेव्हा दोन किलो तांदळाची कापडी पिशवी छातीशी आली. पुढे किलोकिलोने वाढवायचे ठरले होते. परंतु गौरी-गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेले, जाऊबाईंच्या अंगात उत्साह, त्यांनी एकदम पाच किलो भरले आणि त्याच दिवशी बसून फरशीही पुसली. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. योगपक्षाला केवढा आनंद झाला!

फिजिओथेरपिस्ट बाई मात्र घाबरल्या नाहीत. त्यांचा नियम असा: व्यायाम करताना थोडे दुखले तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नेहमीसारखा असला पाहिजे. आखडलेपणा नेहमीपेक्षा जास्त टिकला किंवा सूज आली, तर भार जास्त झाला. मग व्यायाम सोडायचा नाही, एक पायरी खाली यायचे. सूज उतरेपर्यंत जाऊबाई थांबल्या, नंतर पुन्हा दोन किलोंवर आल्या. मांड्यांचे स्नायू दोन दिवस ठणकणे वेगळे. ते मांसात असते, सांध्यात नव्हे, आणि हाताने दाबून हा फरक कळतो.

मग आसनांचे काय? ती सुटली नाहीत, त्यांचे काम बदलले. बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात पट्टे, विटा, खुर्च्या यांच्या आधाराने आसने शिकवण्याची जी पद्धत रूढ केली, ती अशा सांध्यांसाठी फार सोयीची. उताणे झोपून तळपायाला पट्टा लावून पाय सरळ वर ओढणे, त्रिकोणासनात हात जमिनीऐवजी विटेवर ठेवणे, हे जाऊबाई उरलेल्या दिवशी करतात. कळ येणारे वज्रासन त्यांनी सोडले.

प्रगती मोजायला घड्याळ पुरते. हात छातीशी घेऊन तीस सेकंदांत किती वेळा उठता येते, ते मोजायचे. आरंभी जाऊबाईंचे नऊ झाले, साडेतीन महिन्यांनी चौदा. पाटावरून त्या आता एक गुडघा टेकून, दुसरा पाय पुढे रोवून, भिंतीला न शिवता उठतात. झीज भरून आलेली नाही, तशी ती येतही नाही. गुडघा अजून कटकट वाजतो. दुखत नसेल तर त्या आवाजाकडे लक्ष द्यायचे कारण नाही. सकाळचा आखडलेपणा पाच मिनिटांवर आला आहे.

पिशवी सध्या सात किलोंची आहे. ती स्वयंपाकघरात खुर्चीखाली असते, आणि कितीही पाहुणे आले तरी तिच्यातले तांदूळ भातासाठी काढायचे नाहीत, अशी घरात सर्वांना सक्त ताकीद आहे.