कंसांचा हिशेब ठेवणारी चवड

पायथन या संगणक-भाषेत कुणी घाईघाईने पुढची ओळ टाइप केली, तर संगणक ती चालवायलाच नकार देतो.

```
total = (rates[0) + 5
```

नकार देताना तो कारणही सांगतो: `closing parenthesis ')' does not match opening parenthesis '['`. बंद होणारा गोल कंस उघडलेल्या चौकोनी कंसाशी जुळत नाही, असा त्याचा अर्थ. या ओळीत गोल कंस एकदा उघडला आहे आणि एकदा बंद झाला आहे. म्हणजे गोल कंसांपुरते पाहिले तर सारे ठीक आहे. तरीही संगणकाला नेमके कळले, की त्या जागी चौकोनी कंस बंद व्हायला हवा होता. पायथनच्या 3.8 आवृत्तीपासून असा नेमका निरोप मिळतो. तो देता येतो, कारण वाचता वाचता संगणक उघड्या कंसांची एक यादी सांभाळत असतो. ती यादी कोणत्या प्रकारची असावी लागते, हा संगणकशास्त्रातला एक मूलभूत प्रश्न आहे.

सुरुवात एकाच प्रकारच्या कंसापासून करू. समजा, एका यंत्राकडे फक्त पाच अवस्था आहेत आणि तेवढीच त्याची स्मरणशक्ती. एकेक चिन्ह वाचायचे आणि एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जायचे, एवढेच त्याला जमते. त्याला ओळीने उघडे कंस वाचायला दिले. एकानंतर, दोनांनंतर, असे करत सहांनंतर ते कोणत्या अवस्थेत आहे हे पाहिले, तर सहा नोंदी होतात. अवस्था मात्र पाचच, म्हणून निदान दोन नोंदी सारख्या निघणारच. समजा, दोन कंसांनंतरची आणि पाच कंसांनंतरची अवस्था एकच निघाली. आता यंत्राला दोन बंद कंस द्या. पहिल्या बाबतीत हिशेब पुरा झाला, दुसऱ्या बाबतीत तीन कंस उघडेच राहिले. पण यंत्राला मागचे काहीच आठवत नसल्याने ते दोन्ही वेळा एकच निकाल देणार, आणि त्यातला एक चुकणार. अवस्था पाचऐवजी पाच लाख केल्या, तरी हाच युक्तिवाद लागू पडतो. फक्त कंस जास्त द्यावे लागतात.

मग मोजणी करायची. कंस उघडला की एक मिळवायचा, बंद झाला की एक वजा करायचा. आकडा मध्येच शून्याखाली गेला नाही आणि शेवटी शून्यावर आला, तर कंस जुळले. गोल कंस एकटेच असतील तर एवढे पुरते. चवडीची गरज इथे नाही.

गाडी अडते ती कंसांचे दोन प्रकार आले की. प्रत्येक प्रकाराला वेगळा मोजक ठेवला, तर `([])` बरोबर ठरते, पण `([)]` सुद्धा बरोबर ठरते. दोन्हींत प्रत्येक कंस एकदा उघडतो आणि एकदा मिटतो. मोजकाला किती कंस उघडे आहेत ते कळते. कोणता आधी उघडला आणि कोणता नंतर, ते कळत नाही. वीस उघडे कंस ओळीने लिहायचे आणि प्रत्येक जागी गोल किंवा चौकोनी निवडायचा, तर अशा 10,48,576 वेगवेगळ्या रांगा होतात. यातल्या प्रत्येक रांगेला मिटवणारी रांग एकच असते, म्हणून यंत्राने या साऱ्या रांगा एकमेकींपासून वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. चिन्हामागे एकाने वाढणारे दोन मोजक मात्र वीस चिन्हांनंतर फार तर 21 गुणिले 21, म्हणजे 441 जोड्या दाखवू शकतात. दहा लाख रांगा 441 कप्प्यांत बसवायच्या म्हटल्यावर गल्लत ठरलेलीच.

इथे स्टॅक लागतो. ताटांची चवड असते तसाच तो: नवे ताट वर ठेवायचे, काढायचे तेही वरचेच. उघडा कंस आला की तो चवडीवर ठेवायचा. बंद कंस आला की सर्वांत वरचा कंस त्याच्या जोडीचा आहे का ते पाहायचे, आणि असल्यास उचलून टाकायचा. शेवटी चवड रिकामी झाली, तर रांग बरोबर. सर्वांत शेवटी उघडलेला कंस सर्वांत आधी मिटला पाहिजे, हा कंसांचा नियम आणि चवडीची शिस्त एकच आहे. 1957 मध्ये म्युनिकच्या फ्रीडरिश बाउअर आणि क्लाउस सामेलझोन यांनी याच तत्त्वावर पेटंटसाठी अर्ज केला. गणिती सूत्र डावीकडून उजवीकडे वाचताना जी कामे लगेच करता येत नाहीत, ती कुठे ठेवायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

प्रत्यक्ष व्यवहारात चवडीलाही मर्यादा घालावी लागते. पायथनचा प्रचलित अर्थक एकात एक 200 कंसांपर्यंत जातो. त्यापुढे `too many nested parentheses` म्हणून थांबतो. खोली ठरलेली असली, की तत्त्वतः चवडीविना, केवळ अवस्थांवरही काम भागते. पण पायथनमध्ये कंसांचे तीन प्रकार आहेत. 200 खोलीवरच्या शक्यता 3 चा 200 वा घात एवढ्या होतात, आणि ती संख्या 96 अंकी आहे. चवडीला मात्र 200 घरे पुरतात.

आता हाच नियम व्याकरणाच्या भाषेत मांडू. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी 1956 मध्ये व्याकरणांच्या प्रकारांची मांडणी केली. त्यातला एक प्रकार संदर्भमुक्त व्याकरणाचा. त्यात एका चिन्हाच्या जागी काय लिहिता येते ते सांगितलेले असते, आणि शेजारी काय आहे याची अट नसते. 1960 मध्ये अल्गोल 60 या संगणक-भाषेचा अहवाल आला, तेव्हा जॉन बॅकस आणि पीटर नाउर यांच्या लेखनपद्धतीने अख्ख्या भाषेचे नियम जवळपास याच स्वरूपात छापले गेले. जुळलेल्या कंसांचे व्याकरण तीन नियमांत मावते:

```
S → ( S ) S
S → [ S ] S
S → ε
```

`S` म्हणजे जुळलेल्या कंसांची कोणतीही रांग. तिसऱ्या नियमातले `ε` म्हणजे काहीच नाही. रांग एकतर रिकामी असते, नाहीतर तिची सुरुवात एका कंसाने होते. त्या कंसाच्या पोटात एक जुळलेली रांग असते, आणि तो मिटल्यावर पुढे आणखी एक.

व्याकरण रांगा कशा तयार होतात ते सांगते. समोर आलेली रांग नियमात बसते का, हे तपासायला यंत्र लागते. अवस्थांच्या यंत्राला चवड जोडली की जे होते, त्याला पुशडाऊन ऑटोमॅटन म्हणतात. व्याकरणावरून ते घडवण्याची रीत आश्चर्य वाटावे इतकी सरळ आहे. सुरुवातीला चवडीवर फक्त `S` ठेवायचा. मग दोनच सूचना पाळायच्या. वर `S` असेल, तर तो काढून त्याच्या जागी एखाद्या नियमाची उजवी बाजू ठेवायची, तिचे पहिले चिन्ह सर्वांत वर येईल अशी. यात रांगेतले काही वाचायचे नाही. वर कंस असेल, तर तो रांगेतल्या पुढच्या कंसाशी ताडून पाहायचा. जुळला की दोन्ही खोडायचे, न जुळल्यास ती वाट सोडायची. रांग आणि चवड एकदमच संपली, तर रांग मान्य.

`([])` या रांगेवर हे यंत्र असे चालते. चवडीचा माथा डावीकडे आहे.

```
चवड        उरलेली रांग
S          ([])
(S)S       ([])
S)S        [])
[S]S)S     [])
S]S)S      ])
]S)S       ])
S)S        )
)S         )
S          -
-          -
```

चवडीवर प्रत्येक क्षणी काय आहे ते पाहण्यासारखे आहे: पुढे अजून काय काय यायचे बाकी आहे, त्याचीच ती नोंद. पाचव्या ओळीतले `S]S)S` म्हणजे आधी चौकोनी कंस मिटायचा आहे आणि मग गोल. यंत्राला अवस्था एकच पुरली, कारण सारी आठवण चवडीत आहे.

हेच यंत्र `([)]` या रांगेवर चालवले, तर पहिल्या दोन कंसांपर्यंत सारे तसेच घडते. मग चवडीवर `S]S)S` आणि रांगेत `)]` उरते. पुढे उघडा कंस नाही, म्हणून `S` ला रिकामे करण्यावाचून मार्ग नाही. ते केले की माथ्यावर `]` येतो आणि समोर असतो `)`. इथे यंत्र अडते, आणि चूक नेमकी कुठे आहे तेही सापडते.

या रचनेत एक गोष्ट अजून झाकलेली राहिली. `S` ला तीन नियम लागू पडतात. त्यातला कोणता घ्यायचा, हे यंत्राला कोण सांगणार? सिद्धांतातले यंत्र अंदाज घेऊ शकते: शक्य त्या सर्व वाटांपैकी एक जरी यशस्वी झाली, तरी रांग मान्य. वरच्या व्याकरणात पुढचे एकच चिन्ह पाहून निर्णय होतो, म्हणून साधा प्रोग्रॅमही ते काम करतो. पण कंसांचेच व्याकरण कुणी `S → S S` असा नियम घालून लिहिले, तर कागदावर ते तितकेच बरोबर असते आणि प्रोग्रॅम मात्र फसतो. तो `S` च्या जागी `SS` ठेवतो, मग `SSS`, मग `SSSS`. चवड वाढत जाते आणि रांगेतले एक अक्षरही वाचले जात नाही. असे होताना दिसले, तर दोष रांगेत नसून नियमात आहे हे ओळखावे आणि नियम वरच्यासारखा पुन्हा लिहावा.

काही भाषांच्या बाबतीत मात्र नियम कितीही बदलले, तरी अंदाज टळत नाही. ‘चिमा काय कामाची’ हे विलोमपद ऱ्हस्व-दीर्घ सोडले तर दोन्हीकडून सारखेच वाचता येते. अशा विलोमपदांचे संदर्भमुक्त व्याकरण सहज लिहिता येते. पण डावीकडून वाचणाऱ्या यंत्राला ‘य’ वर आल्यावर कळत नाही, की हाच मध्य आहे आणि आता ठेवणे थांबवून जुळवणे सुरू करायचे. मध्याची खूण केलेली नसेल, तर अंदाज न घेणारे कोणतेही चवडीचे यंत्र सर्व विलोमपदे ओळखू शकत नाही, हे सिद्ध झाले आहे.

संदर्भमुक्त व्याकरण आणि चवडीचे यंत्र यांची ताकद एकच आहे, हे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला चॉम्स्की आणि इतरांनी दाखवले. यंत्रावरून उलट व्याकरणही घडवता येते. त्यानंतर 1963 मध्ये चॉम्स्की आणि फ्रेंच गणिती मार्सेल-पॉल श्यूत्झेनबर्गर यांनी आणखी पुढचा निष्कर्ष मांडला. कोणतीही संदर्भमुक्त भाषा घ्या. पुरेशा प्रकारच्या जुळलेल्या कंसांच्या रांगा घेऊन, त्या चवड नसलेल्या साध्या यंत्राच्या चाळणीतून गाळून, उरलेल्या रांगांतल्या प्रत्येक कंसाच्या जागी ठरलेली अक्षरे लिहिली, किंवा काहीच लिहिले नाही, की ती भाषा मिळते. चाळणी आणि अक्षरांची अदलाबदल या दोन्हींना चवड लागत नाही. चवड लागते ती फक्त कंस जुळवताना.