चालण्याने रक्तदाब नेमका किती उतरतो?

‘डॉक्टर, गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही म्हणतात. मी रोज चालेन, वजन उतरवेन. पण गोळी नको.’ असे म्हणणारा एक तरी रुग्ण माझ्याकडे दर आठवड्याला येतो. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नसते. मात्र व्यायामाने दाब किती उतरेल, याचा हिशेब त्याने मांडलेला नसतो. तोच हिशेब आज आपण एका गृहस्थांच्या उदाहरणावरून पाहू.

वय ५१, बैठी नोकरी, वजन ८४ किलो. घरी आठवडाभर सकाळी मोजलेल्या दाबाची सरासरी १५०/९४ होती. साखर, मूत्रपिंडे आणि हृदयाचा आलेख निर्दोष असल्यामुळे मी त्यांना तीन महिन्यांची मुदत दिली.

पहिल्या महिन्यात केवळ चालणे ठेवले : आठवड्यातून पाच दिवस, प्रत्येकी अर्धा तास. वेग असा की सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. अशा नियमित चालण्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि ज्यांचा दाब वाढलेला आहे त्यांचा वरचा आकडा साधारण ५ ते ८ मिलिमीटरने उतरतो. तिसऱ्याच आठवड्यात हे गृहस्थ हसतमुखाने आले. ‘डॉक्टर, १२६!’ मी विचारले, ‘केव्हा मोजलात?’ उत्तर आले, ‘फिरून आल्यावर, घटकाभराने.’

येथेच अनेकांची फसगत होते. व्यायामानंतर काही तास दाब तात्पुरता खाली राहतो. तो आकडा खोटा नसतो, पण दिवसभराचा दाब त्यावरून कळत नाही. म्हणून सकाळी, व्यायाम, चहा आणि औषध यांच्या आधी, लघवी करून, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे. हात हृदयाच्या पातळीला ठेवून एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि सात दिवसांची सरासरी काढावी. असे मोजल्यावर त्यांचा वरचा दाब १४४ भरला. सहाच मिलिमीटर उतरले होते, पण ते खरे होते.

दुसऱ्या महिन्यात स्नायूंना ताण देणारे व्यायाम जोडले. खुर्चीवरून हात न टेकता उठणे, भिंतीला हात लावून दंड काढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे. प्रत्येकी १० ते १२ वेळा, दोन फेऱ्या, एका आड एक असे आठवड्यातून तीन दिवस. यांचा वाटा साधारण ४ मिलिमीटरचा असतो. येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे : जोर लावताना श्वास सोडावा. श्वास कोंडून वजन उचलल्यास त्या क्षणी दाब एकदम उसळतो. डोके जड होणे किंवा चेहरा लाल होणे ही श्वास कोंडल्याची खूण समजावी.

वजनाचा हिशेब सोपा आहे : एक किलो उतरले की वरचा दाब सुमारे एक मिलिमीटर उतरतो. रात्रीचा भात अर्धा करून आणि फरसाण बंद करून तीन महिन्यांत त्यांचे चार किलो कमी झाले.

आता बेरीज करा. चालण्याचे ६, स्नायूंच्या व्यायामाचे ४ आणि वजनाचे ४ मिळून १४ व्हायला हवेत. प्रत्यक्षात सरासरी १३८/८७ आली, म्हणजे १२च उतरले. या उपायांचे परिणाम अंशतः एकमेकांत मिसळलेले असतात. त्यामुळे बेरीज क्वचितच पूर्ण भरते. तरीही गोळी तूर्त टळली. १३०/८० च्या खाली जाणे अधिक हितकर असल्यामुळे आहारातील मीठ कमी करणे हा पुढचा टप्पा ठरला.

पुढे पावसाळा आला, चालणे सुटले आणि पाच आठवड्यांत सरासरी १४५ वर गेली. व्यायामाचा परिणाम साठवून ठेवता येत नाही. गोळीप्रमाणे त्याचीही मात्रा चालू ठेवावी लागते. आता ते इमारतीच्या वाहनतळात फेऱ्या मारतात.

वाचकहो, या हिशेबाची मर्यादाही ओळखा. दाब १७० असेल तर १२ मिलिमीटर उतरूनही तो धोक्याच्या पातळीवरच राहतो. अशांनी, तसेच मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी, व्यायामाला गोळीची जोड समजावे, पर्याय नव्हे. दाब १८०/११० च्या वर असताना व्यायाम सुरूच करू नये. आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. चालताना छातीत दडपण आले तर तत्काळ थांबावे आणि विलंब न लावता रुग्णालय गाठावे. चालू असलेली गोळी मात्र स्वतःहून कधीही बंद करू नका. आठवड्याच्या नोंदी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा; मात्रा कमी करायची की नाही, हे त्या नोंदी पाहूनच ठरवता येते.