विश्लेषण : पाळीच्या दोन दिवस आधीच अर्धशिशी का उठते? इस्ट्रोजेनची घसरण आणि डोकेदुखीचा संबंध काय?

दर महिन्याला ठरावीक दिवशी डोक्याची एक बाजू ठणकू लागते, उजेड सहन होत नाही, उलटी होते आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पाळी येते. बहुतेक घरांत याचे निदान ठरलेले असते : ‘पित्त झालंय.’ मग ॲसिडिटीची गोळी घेतली जाते, कपाळाला बाम लागतो, खोलीत अंधार केला जातो. उलटी झाल्यावर थोडे बरे वाटते, त्यामुळे पित्ताचा संशय आणखी पक्का होतो. प्रत्यक्षात मळमळ आणि उलटी ही अर्धशिशीचीच, म्हणजे मायग्रेनचीच लक्षणे आहेत. महिन्यातल्या याच दिवसांत येणाऱ्या मायग्रेनला वैद्यकशास्त्रात ‘मेन्स्ट्रुअल मायग्रेन’ असे वेगळे नाव आहे. तो कधी येणार याचा अंदाज आधी बांधता येतो आणि उपचारात त्याचाच उपयोग केला जातो.

नेमक्या कोणत्या डोकेदुखीला मेन्स्ट्रुअल मायग्रेन म्हणतात?

पाळीच्या दिवसांत डोके दुखले म्हणजे ते मेन्स्ट्रुअल मायग्रेनच, असे नाही. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्यासाठी पाच दिवसांची चौकट दिली आहे. रक्तस्राव सुरू होतो तो पहिला दिवस. त्याच्या आधीचे दोन दिवस आणि पहिल्या दिवसापासून तिसऱ्या दिवसापर्यंतचे तीन दिवस, असे हे पाच दिवस होतात. सलग तीन पाळ्यांपैकी किमान दोन वेळा या चौकटीत मायग्रेनचा झटका आला, तर तो पाळीशी निगडित मानला जातो. फक्त याच दिवसांत झटके येणाऱ्या स्त्रिया तुलनेने कमी. बहुतेकींना या दिवसांत हमखास आणि महिन्यात इतर वेळी अधूनमधून त्रास होतो. पाळीच्या वेळचा झटका सहसा जास्त वेळ टिकतो, गोळीला नीट दाद देत नाही आणि एकदा थांबून दुसऱ्या दिवशी परत उलटतो.

कारण रक्तस्राव की हार्मोन?

पाळी आणि डोकेदुखी एकाच वेळी येतात, म्हणून एकीमुळे दुसरी होते असे वाटणे साहजिक आहे. १९७२ मध्ये ब्रायन सोमरव्हिल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी हे दोन धागे वेगळे करून दाखवले. पाळीच्या वेळी मायग्रेन होणाऱ्या काही स्त्रियांना त्यांनी पाळीच्या आधी इस्ट्रोजेनचे इंजेक्शन दिले. त्यांची पाळी ठरल्या वेळी आली, पण डोकेदुखी आली नाही. इंजेक्शनचा असर ओसरून रक्तातले इस्ट्रोजेन खाली आले, तेव्हा काही दिवसांनी ती आली. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी प्रोजेस्टेरॉन दिले. या वेळी पाळी लांबली, पण डोकेदुखी बहुतेकींना नेहमीच्याच दिवशी झाली.

म्हणजे डोकेदुखी रक्तस्रावाच्या मागे जात नाही, ती इस्ट्रोजेनच्या घसरणीच्या मागे जाते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात हे हार्मोन बरेच दिवस वरच्या पातळीवर असते आणि गर्भधारणा झाली नाही की दोन-तीन दिवसांत झपाट्याने खाली येते.

इथे एक शंका येते. इस्ट्रोजेन महिन्याच्या मध्यावर, बीजांड बाहेर पडते तेव्हाही एकदम चढून पडते. मग तेव्हा डोके का दुखत नाही? सोमरव्हिल यांच्याच पुढच्या कामात याचे उत्तर मिळते. इस्ट्रोजेन थोडाच वेळ वाढून खाली आले, तर झटका येत नाही. ते अनेक दिवस वर राहून मग घसरले, तर येतो. मेंदूला आधी त्या पातळीची सवय व्हावी लागते, आणि सवय मोडली की तो बिथरतो.

घसरणीने डोक्यात काय होते?

इस्ट्रोजेनचा सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाशी जवळचा संबंध आहे. इस्ट्रोजेन कमी झाले की सेरोटोनिनचे कामही मंदावते आणि वेदना आवरणारी यंत्रणा कमजोर पडते. चेहरा आणि डोक्याच्या संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल मज्जातंतू अशा वेळी सहज चिथावली जाते. तिच्या टोकांतून ‘सीजीआरपी’ नावाचे प्रथिन सुटते, मेंदूवरच्या आवरणातील रक्तवाहिन्या फुगतात आणि प्रत्येक ठोक्यासरशी ठणका जाणवतो.

रक्तस्राव सुरू झाल्यावर आणखी एक भर पडते. गर्भाशयाच्या आतल्या थरातून प्रोस्टाग्लँडिन ही रसायने सुटतात. पोटात कळा येतात त्या यांच्यामुळेच. ती रक्तात मिसळून डोकेदुखीलाही हातभार लावतात. म्हणून ज्यांना पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत पोट आणि डोके एकदम दुखते, त्यांना प्रोस्टाग्लँडिन रोखणाऱ्या वेदनाशामकांचा चांगला उपयोग होऊ शकतो.

निदान कसे होते?

यासाठी रक्ततपासणी लागत नाही. या स्त्रियांमध्ये हार्मोनची पातळी बहुधा इतरांसारखीच असते. फरक असतो तो मेंदूच्या संवेदनशीलतेत. एमआरआयमध्येही मायग्रेन दिसत नाही. निदान होते ते कॅलेंडरवरच्या नोंदीतून, आणि ती मोबाइलमध्ये ठेवली तरी चालते.

समजा, ठाण्यातल्या एका ३२ वर्षांच्या नोकरदार स्त्रीने तीन महिने अशी नोंद ठेवली. पाळी आली ४ जून, २ जुलै आणि ३१ जुलैला. डोके दुखले ३ आणि ४ जूनला, १८ जूनला, १ ते ३ जुलै, रात्रभराच्या बसप्रवासानंतर ११ जुलैला आणि ३० व ३१ जुलैला. तिन्ही पाळ्यांत आदल्या दिवशी झटका सुरू झाला आहे, म्हणजे तिन्ही वेळा तो पाच दिवसांच्या चौकटीत बसतो. १८ जून आणि ११ जुलैचे झटके चौकटीबाहेरचे आहेत. निदान : पाळीशी निगडित मायग्रेन, सोबत इतर वेळचे तुरळक झटके. चक्र २८-२९ दिवसांचे असल्याने पुढची पाळी २८ किंवा २९ ऑगस्टला अपेक्षित धरता येते आणि पुढचे उपचार याच तारखेवरून ठरतात.

नोंदीत गोळ्या कधी घेतल्या हेही लिहायला हवे. महिन्यात १५ किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामके, किंवा १० किंवा अधिक दिवस ट्रिप्टान घेतले जात असेल, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखत राहू शकते.

झटका आल्यावर काय घ्यायचे?

मायग्रेनमध्ये जठराचे काम मंदावते. त्यामुळे दुखणे शिगेला पोहोचल्यावर घेतलेली गोळी पोटातच पडून राहते किंवा उलटून पडते. ‘सहन होतंय तोवर बघू’ म्हणून थांबणे इथे महागात पडते. नॅप्रोक्सेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडसारखी वेदनाशामके दुखणे सौम्य असतानाच घ्यायची असतात. मळमळ जास्त असेल, तर डॉक्टर सोबत उलटी थांबवणारे औषध देतात.

तेवढ्याने भागले नाही तर सुमाट्रिप्टान किंवा रिझाट्रिप्टान ही ट्रिप्टान गटातली औषधे येतात. ती सेरोटोनिनच्या विशिष्ट ग्राहकांवर काम करून सीजीआरपीचे सुटणे रोखतात. पाळीच्या वेळचा झटका परत उलटण्याची शक्यता असल्याने ट्रिप्टानसोबत नॅप्रोक्सेन देण्याची पद्धत आहे. हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ट्रिप्टान चालत नाही. पोटाचा अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नॅप्रोक्सेन टाळले जाते.

झटका येण्याआधीच औषध घेता येते का?

येते, आणि मेन्स्ट्रुअल मायग्रेनमध्ये त्याचा खरा फायदा आहे. वर्षभर रोज औषध घेण्याऐवजी फक्त धोक्याच्या पाच-सहा दिवसांत ते घ्यायचे. वरच्या उदाहरणात पाळी २८ ऑगस्टला धरली, तर २६ ऑगस्टपासून सहा दिवस, म्हणजे ३१ ऑगस्टपर्यंत नॅप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा जेवणानंतर, असा आराखडा डॉक्टर देऊ शकतात. त्याऐवजी असर जास्त काळ टिकणारे फ्रोव्हाट्रिप्टान २.५ मिलिग्रॅम किंवा नाराट्रिप्टान १ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, हेही पर्याय आहेत. तीन पाळ्यांनंतर नोंद पाहून फरक पडला का हे ठरते.

पाळी आठ-दहा दिवस पुढे-मागे होत असेल तर मात्र हा आराखडा कोसळतो. औषध संपते तेव्हा पाळी येते. शिवाय काहींना झटका टळत नाही, नुसता पुढे सरकतो. त्या दिवसांत त्वचेला इस्ट्रोजेनचे जेल लावण्याच्या उपायातही हेच दिसले : जेल सुरू असताना झटके कमी झाले, बंद केल्यावर पुढच्या काही दिवसांत वाढले. सोमरव्हिल यांच्या इंजेक्शनचीच ही पुनरावृत्ती म्हणायची. गर्भधारणेचा प्रयत्न सुरू असेल तर यातले कोणतेही औषध घेण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगणे आवश्यक आहे.

हार्मोनच्या गोळ्यांचे काय?

संतती नियमनाच्या नेहमीच्या पाकिटात २१ दिवस गोळ्या आणि ७ दिवस सुट्टी असते. त्या सुट्टीत इस्ट्रोजेन पडते आणि डोके दुखते. अशा वेळी स्त्रीरोगतज्ज्ञ सुट्टी न घेता पाकिटे सलग घ्यायला सांगू शकतात. पण झटक्याआधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा किंवा आंधळा ठिपका दिसत असेल, म्हणजे ‘ऑरा’ असेल, तर इस्ट्रोजेन असलेली गोळी पक्षाघाताच्या धोक्यामुळे घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात.

गणपती, घरची पूजा किंवा लग्न यासाठी पाळी पुढे ढकलायची नॉरएथिस्टेरॉनची गोळी अनेक घरांत मेडिकलमधून परस्पर आणली जाते. ती प्रोजेस्टेरॉनसारखे काम करते. पाळी लांबते म्हणून डोकेदुखीही टळेल, असे त्यावरून धरता येत नाही. या गोळीच्या मोठ्या डोसचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या संयुगात बदलतो. त्यामुळे ऑरा असलेल्या स्त्रीने ती विचारल्याशिवाय घेऊच नये. गोळी बंद केल्यावर पाळी येते तेव्हा नोंदवहीतले जुने गणितही बदललेले असते.

गर्भाशय काढल्यास त्रास थांबतो?

नाही. ‘पिशवी काढली की सगळे त्रास जातील’ हा सल्ला मायग्रेनसाठी चुकीचा आहे. रक्तस्राव थांबतो, पण अंडाशय जागेवर असतील तर इस्ट्रोजेनचे चढउतार सुरूच राहतात, आणि आता तारीख सांगणारी पाळीही उरत नाही. अंडाशयही काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात कोसळते आणि डोकेदुखी वाढू शकते. चाळिशीनंतर पाळी अनियमित होऊ लागते, त्या काही वर्षांत अनेकींचे झटके वाढतात. नैसर्गिकरीत्या पाळी जाऊन हार्मोन स्थिरावले की बऱ्याच जणींना उतार पडतो. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, क्षणात शिगेला पोहोचणारी डोकेदुखी किंवा सोबत ताप, मान आखडणे, हातापायातील ताकद जाणे असेल, तर ती मायग्रेन समजून घरी थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.